मशीनच्या आडोशाला ठेवलेलं दूध

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला शूर समजायला नको. कॉम्प्रेसर उघडताना, तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर उभं राहून एसी टांगताना माझे हात कधी थरथरले नाहीत. पण आतून कडी लावलेलं दार आणि न लागणारा फोन, या दोन गोष्टींची मला फार भीती वाटते. त्या दिवशी दोन्ही एकदम वाट्याला आल्या.

साताऱ्यात आमचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे, माझं आणि नवऱ्याचं. नवरा मूळचा सांगलीचा, आणि मी काम शिकले तेही सांगलीतच, बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये. आयटीआय झाल्यावर मला तिथे मशीन रूममध्ये उमेदवार म्हणून घेतलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी मला पहिल्याच हिवाळ्यात एक गोष्ट दाखवली. सकाळी सकाळी हमाल मंडळी इमारतीच्या मागे कंडेन्सरच्या पंख्यापुढे हात शेकत उभी असायची. उस्ताद म्हणाले, "बघ पोरी, पुढच्या अंगाला फ्रीज हाय, मागच्या अंगाला शेगडी. मशीन एकच."

मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं, पण आमच्या धंद्याचं सगळं मर्म त्यात आहे. फ्रीज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एक युनिट वीज खर्चून आतून तीन युनिट उष्णता उचलली, तर मागे चार युनिट बाहेर पडणार, कारण खर्चलेली वीजही शेवटी उष्णता होऊन तिथेच पडते. फ्रीजवाला म्हणतो, माझं मशीन तीनचं. त्याला आतल्या गारव्याशी मतलब. पाणी तापवायला तेच मशीन वापरणारा म्हणतो, माझं चारचं. त्याला मागच्या शेकाशी मतलब. या तीन-चारला आम्ही सीओपी म्हणतो. एकाच मशीनचा, एकाच वेळी, शेकाचा आकडा गारव्याच्या आकड्यापेक्षा एकाने जास्त. यापलीकडे फ्रीज आणि हीट पंप यांच्यात सोयरीक शोधायला जाऊ नये, ती दोन नावांची एकच बाई आहे, माहेरी एक नाव आणि सासरी दुसरं.

दुसरी गोष्ट चढाची. पोतं तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर न्यायचं आणि पाचव्यावर न्यायचं, यात फरक आहे. उष्णता उचलायची ती जागा जितकी थंड आणि टाकायची ती जागा जितकी गरम, तितका चढ मोठा आणि आकडा लहान. आणि त्या आकड्याच्या डोक्यावर छप्पर आहे. कुठेच झीज नाही, गळती नाही, असं साक्षात देवाच्या कारखान्यातलं मशीन आणलं तरी त्या छपरापलीकडे जाता येत नाही. अंशांमध्ये दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे, गरम बाजूच्या आकड्याला दोन्ही बाजूंच्या फरकाने भागायचं. ते हीट पंपाचं छप्पर. थंड बाजूच्या आकड्याला त्याच फरकाने भागलं की फ्रीजचं. आपली खरीखुरी मशीनं त्याच्या निम्म्यापर्यंत पोचतानाही धापा टाकतात.

सांगलीतच मी दुसरी एक गोष्ट पाहिली, ती उस्तादांनी शिकवलेली नाही. त्यांच्या गल्लीत एका घरी नवी सून आंघोळीला गेली ती बाहेर आलीच नाही. बाथरूममध्ये गॅसचा गीझर होता, खिडकी बंद होती. दार तोडत होते तेव्हा मी जिन्यावर उभी होते. कसला वास नाही, धूर नाही. गीझरच्या ज्योतीने खोलीतली हवा खाल्ली, आणि हवा पुरेनाशी झाली की ती ज्योत जो विषारी वायू सोडते त्याला ना रंग ना वास. त्या दिवसापासून मी लोकांच्या घरात फ्रीज बघायला गेले तरी आधी बाथरूममध्ये डोकावते. नवरा म्हणतो, तुला लोक एक दिवस चोर समजतील.

माझी धाकटी बहीण महाबळेश्वरात दिलेली आहे. तिच्या सासरी छोटं लॉज आहे, मेहुणे टॅक्सी चालवतात. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा घरच्यांच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर लटकलेला दिसला आणि माझ्या तोंडचा चहा कडू झाला. मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. शेवटी एका उन्हाळ्यात हीट पंप बसवला. मीच बसवला, मागच्या पडवीच्या बाहेर, भिंतीला लागून, उघड्या हवेत. पाण्याची टाकी आत, पंखा आणि जाळी बाहेर.

बहिणीच्या सासऱ्यांना मी तिच्यासारखंच मामा म्हणते. मामा खुर्ची टाकून माझं काम बघत बसले होते.

"एक घालायचं आन् चार काढायचं?" ते म्हणाले. "अशी स्कीम घिऊन एकजण आला हुता आमच्याकडं. परत त्याचं तोंड दिसलं न्हाई."

"मामा, चारातलं एक विजेचं. बाकीचं तीन हवेतलं."

"म्हाबळेश्वरच्या हवेत ऊन असतंय व्हय?"

मी म्हटलं, असतं. जाळीतली नळी हवेहून थंड ठेवली की सतरा अंशांची हवासुद्धा तिला उष्णता देते. मामांनी मान हलवली, ती पटल्याची नव्हती, पाहुणीचं मन राखायची होती. पाणी मात्र कडकडीत आलं आणि बोलणं तिथेच संपलं. जुना गीझर मी काढून खाली ठेवला. "मोडीत घाला," म्हटलं. ते म्हणाले, "चालू वस्तू कोन मोडीत घालतंय?" आणि गीझर माळ्यावर गेला.

त्याच वर्षी पावसाळ्यात बहिणीचं दुसरं बाळंतपण आलं. आई आम्हाला नाही, वडील कोरेगावला एकटे असतात. मी म्हटलं, माझ्याकडे ये. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, ऐकलं नाही. "पैलं म्हायेरी झालं, आता ह्ये आमी करनार," म्हणाल्या. साताऱ्याच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि ते तिला वर घेऊन गेले. आत्या प्रेमळ आहेत, त्यात खोट काढायला जागा नाही. पण प्रेमळ माणसांच्या हातून जे होतं त्याचीच मला जास्त भीती वाटते, कारण तिथे बोलता येत नाही.

सकाळी दुकान उघडत होते तेव्हा तिचा फोन आला. आवाज तुटत होता, मागे पावसाचा गोंगाट.

"ताई, तुझं मशीन बिघडलं गं. पाणी कोमट येतंय. आठ-धा दिवस झालं."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू येशील पळत. रस्ता कसला झालाय बघ की." मग ती म्हणाली, "मामांनी कडक पाण्यासाठी मशीनवरचा आकडा वाढवून साठ केला, तर अजूनच गार येतंय. न्हाऊ घालणारी बाई रोज बोलते, बाळंतिणीला असलं पाणी चालत न्हाई म्हणते."

मी विचारलं, पंखा फिरतोय का. फिरतोय. आवाज येतोय का. येतोय. मग मशीनमधला गारव्याचा गॅस गळाला असेल का, असं मी मनात चाचपत होते. तेवढ्यात ती हसून म्हणाली, "आत्यांची मात्र मजा झालीय. फ्रीजमध्ये जागा न्हाई ना, त्या मशीनपाशी दुधाचं पातेलं ठेवतात. रात्रभर टिकतंय."

माझ्या हातात दुकानाच्या कुलपाची किल्ली होती, ती तशीच राहिली.

"मशीनपाशी म्हणजे कुठं? ते तर उघड्यावर आहे."

"उघड्यावर कुठलं? पावसाच्या आधी मामांनी झडी बांधल्या नव्हं का. मशीनबी आत घेतलं, गवताच्या झडीत, वर प्लॅस्टिक. मामा म्हणाले, ऊब देणारं मशीन हाय, त्याला उबेत ठेवलं तर आणखी चांगलं चालंल."

ज्यांनी तो पाऊस पाहिला नाही त्यांना झडी म्हणजे काय ते सांगावं लागेल. तिथे पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, आणि महिनोन्महिने येतो. म्हणून पावसाच्या आधी गावातली घरं, दुकानं बाहेरून गवताच्या जाड पडद्यांनी आणि प्लॅस्टिकच्या कागदांनी गुंडाळून टाकतात. माणसाने घोंगडी पांघरावी तसं घर पांघरतात. गाडी, मोटर, लाकूडफाटा, जे किमतीचं ते आत घेतात. मामांनी माझ्या मशीनचा मान राखला होता.

आणि मला सगळं कळलं. मशीन बिघडलंच नव्हतं. पंखा झडीच्या आतली हवा ओढत होता, तिच्यातली उष्णता काढून पाण्यात टाकत होता, आणि थंडगार हवा त्याच कोंडीत परत सोडत होता. मग तीच हवा पुन्हा ओढत होता. मी पाण्यासाठी बसवलेल्या हीट पंपाभोवती मामांनी भिंती उभ्या केल्या होत्या. भिंती उभ्या केल्या की त्याला फ्रीज म्हणतात. आत्यांना ते आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं, त्यांनी त्यात दूध ठेवलं होतं.

मी हे सांगायला तोंड उघडलं, तोच बहीण म्हणाली, "असू दे. मामांनी आज माळ्यावरचा गीझर काढलाय. बसवायला माणूस आलाय. तो झाला की मी न्हाणार."

"नको! गीझर लावू नका! ऐकलंस का? आत जाऊ नको—"

फोनमध्ये नुसती खरखर. मग तीही नाही. मी परत लावला, परत लावला. मामांचा लावला, आत्यांचा लावला. पावसात वरचा टॉवर जातो, हे तिथलं नेहमीचंच. मेहुण्यांचा लागला. ते प्रवासी घेऊन पुण्याला गेले होते. म्हणाले, "मीबी सकाळपासनं लावतोय ताई, घरी लागत न्हाई. काय झालं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ती बाथरूम तर झडीच्या आतच हाय."

मला ते ठाऊक होतं. पडवीच्या बाजूचीच भिंत, तिलाच बाथरूमची काचांच्या पट्ट्यांची खिडकी. आणि बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आत्या त्या पट्ट्यांच्या फटीत जुनी लुगडी कोंबणार, दाराच्या खाली गोणपाट लावणार, हेही मला न बघता दिसत होतं. बाहेरून प्लॅस्टिक, आतून लुगडी, मध्ये गीझर आणि माझी बहीण.

व्हॅन घेऊन नवरा सांगलीला गेलेला. मी दुकानाचं शटर ओढलं आणि स्टँडवर पळाले. मेढ्यावरून जाणारी महाबळेश्वर गाडी सुटायच्या बेतात होती. खिडकीपाशी जागा मिळाली. पान्ह्यांची पिशवी मांडीवर घेतली होती, ती का आणली ते मला सांगता आलं नसतं.

गाडी हळू चालली होती. मेढ्याच्या पुढे धुकं उतरलं आणि चालक काच पुसत पुसत चालवू लागला. मी फोन लावत होते, लागत नव्हता. शेजारच्या म्हातारबांनी विचारलं, "कुनी आजारी हाय का, बाई?" मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

भीती वाटली की मी हिशोब करते. मला दुसरं काही येत नाही. उघड्यावरची हवा सतरा अंश, पाणी पन्नासला. तीनशे तेवीस भागिले तेहतीस. छप्पर दहाच्या जवळ. खरं मशीन चार देईल. आता झडीच्या आत? दूध रात्रभर टिकतंय म्हणजे दोन-चार अंश असेल. दोन धरू. पाणी मामांनी साठवर नेलेलं. तीनशे तेहतीस भागिले अठ्ठावन्न. पावणेसहा. बिचाऱ्या मामांनी चढ दोन्ही बाजूंनी वाढवला होता, खालून खणून आणि वरून रचून. देवाच्या मशीनला जिथे पावणेसहा, तिथे माझं ते दीड-दोनवर आलं असणार. त्यात जाळीवर बर्फ धरला असणार, आणि तो बर्फ वितळवायला ते अधूनमधून उलटं फिरून टाकीतल्या पाण्याचीच ऊब परत मागत असणार. म्हणून कोमट. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं. तसं बसलं की मला एरवी आनंद होतो. त्या दिवशी प्रत्येक आकडा जुळला की भीती वाढत होती, कारण प्रत्येक आकडा त्या बाथरूमच्या दारापाशीच नेऊन सोडत होता.

मशीन नीट चाललं असतं तर गीझर माळ्यावरच राहिला असता.

केळघरच्या घाटात गाडी थांबली. पुढे दरडीची माती रस्त्यावर आली होती, फार नाही, पण एसटी जाणार नाही इतकी. लोक उतरले, कुणी छत्र्या उघडल्या, कुणी तंबाखू मळली. कंडक्टर म्हणाला, "जेसीबी यायलाय." मला रडू फुटलं. मी रडत नाही सहसा, मी ओरडते. मी खाली उतरून त्या मातीवरून चालत पलीकडे गेले. पलीकडे एक जीप अडकून उलटी वळत होती, आत स्ट्रॉबेरीची रोपं वाहायचे रिकामे क्रेट. मी चालकापुढे जाऊन उभी राहिले.

"दादा, वर न्या मला. माझी बहीण बाळंतीण आहे, ती गीझर लावून आंघोळीला गेली तर मरेल."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. त्याने दार उघडलं. वाटेत त्याने एकदाही काही विचारलं नाही, फक्त वळणावर हॉर्न वाजवत राहिला. तो कोण, कुठला, मी नंतरही विचारलं नाही, आणि त्याची मला अजून रुखरुख आहे.

घर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, दिवसाढवळ्या आत दिवे लागलेले. मी ओल्या चपलांनी सरळ स्वयंपाकघरात घुसले. बाळ आंघोळ होऊन गुंडाळून झालं होतं, न्हाऊ घालणारी बाई त्याला धुरी देत होती. आत्या हसून म्हणाल्या, "आगं, अशा पावसात? बस की."

"ती कुठं आहे?"

"न्हातीया. आज कुठं मनासारखं पानी मिळालं बिचारीला. बसलीया निवांत."

बाथरूमच्या दाराखाली गोणपाट होतं. आतून गीझरचा घुमल्यासारखा आवाज येत होता. मी दार बडवलं, हाक मारली. आतून आवाज आला, पण तो माझ्या बहिणीचा वाटत नव्हता, झोपेतल्या माणसाचा वाटत होता. "येते गं... डोकं जड झालंय..." आणि मग काही नाही.

"कडी काढ! कडी!"

आतून काहीतरी घसरल्याचा आवाज आला.

मामा चहाचा कप हातात घेऊन आले होते. "काय झालं?" म्हणाले. "दार तोडा," मी किंचाळले, आणि स्वतः पडवीतून बाहेर पळाले, कारण गीझरचा सिलिंडर तिथे होता. त्याची चावी बंद केली. गीझरचा घुमणारा आवाज थांबला. आता हवा. खिडकीपुढे गवताची झड, तिच्यावर प्लॅस्टिक, सुतळीने आवळलेलं. पिशवीतून सुरी काढायचं सुचलं नाही. मी दोन्ही हातांनी ओढलं. गवताने तळवे कापले. एक बाजू सुटली तशी सगळी झडच माझ्या अंगावर आली, आणि तिच्यामागून गार हवेचा एक लोट असा बाहेर आला, जसा फ्रीजचं दार उघडल्यावर पायांवर येतो. माझं मशीन तिथे उभं होतं, जाळीवर पांढराशुभ्र बर्फ, पंखा धपापत फिरत होता. पुढे पाटावर दुधाचं पातेलं, वर ताट झाकलेलं. माझ्या पायाने ते लवंडलं.

खिडकीच्या काचपट्ट्या मी उपसून काढल्या, कोंबलेली लुगडी ओढली. आत वाफ. तिच्यातून बहीण दिसली, भिंतीला टेकून खाली बसलेली, मान छातीवर. पाऊस माझ्या पाठीवरून आत चालला होता. त्याच वेळी दार मोडून मामा आत आले, त्यांनी अंगावरच्या घोंगडीत तिला गुंडाळलं आणि उचलून पडवीत आणलं. साठी उलटलेल्या माणसाने तिला एकट्याने उचललं.

तिने डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे नाही, वर पावसाकडे बघत होती. मग ओकली. मग म्हणाली, "ताई, तुझे हात बघ."

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेत काढलं, बरी होईल. आत्या बाकावर बाळ घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं होतं, मी त्यांना फाडून खाईन. वाटेत मी वाक्यं तयार केली होती. त्या बाळाचं दुपटं पुन्हा पुन्हा सारखं करताना दिसल्या आणि माझी सगळी वाक्यं विरघळून गेली. मी त्यांच्या शेजारी बसले.

त्या म्हणाल्या, "म्या म्हनायची, लेकीचं मशीन लय गुनाचं. पानीबी तापिवतंय, दूधबी राखतंय."

"बरोबरच होतं तुमचं, आत्या," मी म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं. एकीकडची उष्णता काढल्याशिवाय दुसरीकडे देता येत नाही, हे मला शिकायला सांगलीला जावं लागलं होतं. फक्त एवढंच, की काढायला हवा अख्ख्या डोंगराची लागते, एका कोंडीतली पुरत नाही. मी हे त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा मामा पडवीबाहेर पावसात उभे होते. मशीनभोवतीची उरलीसुरली झड त्यांनी सोडून ठेवली होती. जाळीवरचा बर्फ गळून गेला होता आणि पाणी निथळत होतं. मी आकडा साठावरून पन्नासवर आणला. मामा बघत होते, माझ्याकडे नाही, मशीनकडे. या गावात जन्मलेल्या माणसाला एखादी वस्तू पावसात उघडी सोडून घरात जाणं किती जड जातं, ते मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं.

"भिजंल की गं हे," ते म्हणाले.

"भिजायलाच बनवलंय, मामा."

"आन् थंडीनं काकडलं तर?"

"मोकळ्या हवेत नाही काकडत. कोंडलं की काकडतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला कडक पाणी आलं. त्यांनी आधी स्वतःचा हात धरून बघितला, मग आत्यांना बोलावलं. गीझर कुठे गेला ते मी विचारलं नाही. मेहुण्यांनी नंतर सांगितलं, मामांनी तो घणाने चेचून मग मोडीत घातला, आणखी कुणी उचलून लावू नये म्हणून.

माझी भाची आता शाळेत जाते. माझ्या तळव्यांवरचे व्रण पुसट झालेत, भीती तशीच आहे. बहिणीचा फोन पहिल्या झटक्यात लागला नाही तर मी उगाच भागाकार करत बसते. दरवर्षी पावसाच्या तोंडावर त्या घराला झडी बांधतात. बांधून झालं की मामा मला फोन करतात. सगळ्या वर्षात त्यांचा तेवढाच एक फोन असतो. नमस्कार-चमत्कार नाही, खुशाली नाही. मी फोन कानाला लावते आणि मागे पावसाच्या आवाजात ते म्हणतात, "समदं झाकलं. न्हाणीची खिडकी उघडी ठिवली. मशीनबी उघडं हाय, पोरी. भिजतंय बिचारं."